समायोजनाची फाईल दाबून बसलेल्या साहेबांस खुले पत्र

साहेब,

तुमचं नाव लिहीत नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या आरोग्य खात्यात कंत्राटावर काम करणाऱ्या कुणालाही विचारा, फाईल कुठे अडली आहे ते तो डोळे मिटून सांगेल. मी उभी नोकरी आस्थापनेच्या टेबलावर काढली आहे. नियुक्ती आदेश, सेवापुस्तकं आणि वेतननिश्चिती यांतच माझे केस पिकले. म्हणून तुम्ही नेमकं काय करता आहात ते मला कळतं, आणि ते चारचौघांत सांगायला हे पत्र आहे.

14 मार्च 2024 रोजी सार्वजनिक आरोग्य विभागाने शासन निर्णय काढला. राष्ट्रीय आरोग्य अभियानात दहा वर्षं सेवा झालेल्या कंत्राटी कर्मचाऱ्यांना नियमित पदांवर सामावून घ्यायचं, त्यासाठी मंजूर पदांतली 30 टक्के पदं द्यायची आणि उरलेली 70 टक्के सरळसेवेने भरायची, असं ठरलं. पुढे तो निर्णय अमलात आणा एवढ्याच मुख्य मागणीसाठी 19 ऑगस्ट 2025 पासून राज्यभर बेमुदत कामबंद करावं लागलं. निघालेला आदेश पाळा, हे सांगायला बायामाणसांना जिल्हा परिषदेसमोर मांडव घालावा लागतो, यात तुमच्यासारख्यांचा वाटा मोठा आहे.

तुमच्या एका हुशारीची मात्र कबुली देतो. तुम्ही नकार कधीच लिहीत नाही. प्रस्ताव आला की एक त्रुटी काढायची, ती पुरी करून आला की दुसरी काढायची. नकाराच्या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देता येतं. त्रुटीच्या पत्राला कुठला वकील आव्हान देणार? न्यायाधीश म्हणतील, आधी पूर्तता करा. त्यामुळे तुमच्या सहीने आजवर कुणाचं नुकसान झालेलं कागदावर सापडत नाही. नुकसान होतं ते तुम्ही सही न केल्याने, आणि त्यावर तारीख पडत नाही.

त्या फाईलमध्ये कोण आहे ते बघू. देवरी किंवा सालेकसा तालुक्यातलं एखादं आरोग्य उपकेंद्र डोळ्यांसमोर आणा. आदिवासी भागात साधारण तीन हजार वस्तीला एक उपकेंद्र, असा निकष आहे. तिथे बऱ्याच ठिकाणी दोन आरोग्य सेविका असतात. एक जिल्हा परिषदेची नियमित, दुसरी अभियानातून आलेली, कंत्राटी. दोघींकडे गावं वाटून दिलेली असतात. दोघी गरोदर बायांची नोंद करतात, बाळांना लस टोचतात, तापाच्या माणसाच्या बोटाचं रक्त घेऊन हिवतापाची काचपट्टी तयार करतात, सिकलसेलच्या तपासणीला पोरांना रांगेत उभं करतात. रात्री कुणाच्या घरी कळा सुरू झाल्या तर जिच्या वाट्याला ते गाव, ती निघते. वाट जंगलातली आहे की नाही आणि ती कंत्राटी आहे की नियमित, हे कळांना ठाऊक नसतं.

महिनाअखेरीला मात्र फरक पडतो. नियमित सेविका सातव्या वेतन आयोगाच्या एस-8 या स्तरावर असते, म्हणजे मूळ वेतन 25,500 पासून सुरू. त्यावर महागाई भत्ता, घरभाडे भत्ता, आणि आदिवासी भागातल्या कर्मचाऱ्यांसाठी 6 ऑगस्ट 2002 च्या शासन निर्णयाने दिलेली एकस्तर वेतनश्रेणी. दुसरीला ठोक मानधन. जंगल दोघींना सारखंच लागतं, पण जंगलात राहण्याचा लाभ एकीलाच.

आता तुमच्या आवडत्या हत्याराकडे येऊ. एक दिवसाचा तांत्रिक खंड. अकरा महिन्यांचा किंवा वर्षाचा करार संपवायचा, एक दिवस मोकळा सोडायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून पुनर्नियुक्तीचा आदेश काढायचा. हेतू एकच, सेवा अखंड आहे असं कुणी म्हणू नये. मग दहा वर्षं मोजायची वेळ आली की तुम्ही बोट ठेवता, ‘सेवेत खंड दिसून येतो.’ खंड तुमच्याच कार्यालयाने पाडला, तो मागणारं एकही पत्र त्या बाईने लिहिलेलं नाही, आणि त्याची जबाबदारी तिच्यावर!

तो खंडाचा दिवस मी अनेकींच्या कागदांत शोधला आहे. आदेशाप्रमाणे त्या दिवशी ती नोकरीतच नसते. उपकेंद्राचं लसीकरण रजिस्टर उघडलं की त्या तारखेच्या पानावर बाळाचं नाव, आईचं नाव, लशीचा बॅच क्रमांक आणि शेवटच्या रकान्यात तिचीच सही सापडते. कधी प्रसूतीची नोंद असते. सरकारच्या दृष्टीने त्या दिवशी ती कोण होती, याचं उत्तर तुमच्याकडे आहे का? त्या दिवशी लस टोचताना बाळाला काही झालं असतं तर तुम्ही तिलाच नोटीस काढली असती. त्या नोटिशीत ‘आपण सेवेत नव्हता’ असं तुम्ही लिहिलं नसतं.

आणि हे हत्यार बोथट झाल्याला बरीच वर्षं झाली. सरकारी तंत्रनिकेतनांत कंत्राटावर शिकवणाऱ्या अधिव्याख्यात्यांचं प्रकरण तुमच्या-माझ्या उच्च न्यायालयात, नागपूर खंडपीठातच चाललं. सचिन अंबादास डवले विरुद्ध महाराष्ट्र शासन, ऑक्टोबर 2013. जाहिरात देऊन, निवड समितीसमोर मुलाखत घेऊन नेमलेले हे लोक, आणि दर वेळी तांत्रिक खंड. न्यायालयाने सांगितलं की तांत्रिक खंड धरून तीन वर्षं सेवा झालेल्यांना नियमित करा. नागपूर इथून रेल्वेने दोन-अडीच तासांवर आहे. निकाल एवढ्या अंतरावरून तुमच्या टेबलापर्यंत अजून पोचला नसेल, असं मी मानत नाही. तुम्ही तो वाचला आहे, आणि वाचूनही फाईलवर ‘खंड’ लिहिता.

तुमची दुसरी ढाल म्हणजे उमादेवी. कर्नाटक राज्य विरुद्ध उमादेवी, सर्वोच्च न्यायालयाचं घटनापीठ, 10 एप्रिल 2006. मागल्या दाराने आलेल्यांना कायम करता येणार नाही, एवढंच त्यातलं तुम्ही पाठ केलं आहे. त्याच निकालाचा परिच्छेद 53 तुम्ही फाईलमध्ये कधी लावत नाही. त्यात म्हटलं आहे की जे पात्र आहेत, मंजूर पदावर आहेत, ज्यांची नेमणूक बेकायदा नसून केवळ अनियमित आहे आणि ज्यांनी न्यायालयाच्या आदेशाच्या आधाराशिवाय दहा वर्षं काढली, त्यांना एकदाच म्हणून नियमित करण्याचा विचार शासनाने करावा. हा निकाल कामगारांविरुद्ध ढालीसारखा वापरला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने 20 डिसेंबर 2024 च्या जग्गो खटल्यात स्पष्टपणे नोंदवलं आहे. तो खटला केंद्रीय जल आयोगातल्या झाडूवाल्या बाया आणि माळी यांचा होता. तुमच्या सेविका जाहिरात पाहून आल्या, पात्रतेचं प्रमाणपत्र दाखवलं, गुणवत्ता यादीत बसल्या. मागलं दार कुठे आहे ते दाखवा.

एक आक्षेप खरा आहे आणि तो मी टाळत नाही. नोकरीसाठी अभ्यास करून बसलेली पोरं म्हणतात, सगळी पदं कंत्राटींना दिली तर आम्ही कुठे जायचं? त्यांचं म्हणणं चूक नाही. पण याचं उत्तर 14 मार्चच्या निर्णयातच आहे, तीस आणि सत्तर. समायोजनाची 30 टक्के पदं अडवून ठेवल्याने त्या पोरांना एकही जागा जास्त मिळत नाही. तुम्ही दोघांनाही एकाच बाकावर ताटकळत ठेवलं आहे, आणि एकाला दुसऱ्याचा शत्रू म्हणून दाखवता.

आता उशिराचा हिशोब. तो तुम्हांला ठाऊक असूनही तुम्ही उशीर करत असाल तर हा अपराध मोठा आहे, म्हणून नीट मांडतो. एक सेविका धरा. जन्म जून 1976 चा, जुलै 2009 मध्ये कंत्राटावर लागली. दहा वर्षं 2019 मध्येच झाली. राज्य सेवेत निवृत्तीचं वय 58, म्हणजे ती 30 जून 2034 ला घरी जाणार. नियमित कर्मचाऱ्याला 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेचा लाभ मिळतो, पदोन्नती झाली नाही तरी वरचा वेतनस्तर मिळतो. ही वर्षं नियमित सेवेची मोजतात, कंत्राटाची नाही.

शासन निर्णय निघाला त्याच आठवड्यात, म्हणजे 15 मार्च 2024 ला ती नियमित पदावर रुजू झाली असती, तर तिची दहा वर्षं 14 मार्च 2034 ला भरली असती. निवृत्तीला साडेतीन महिने बाकी असताना तिला आयुष्यात एकदा तरी वरचा स्तर मिळाला असता. मिळकत साडेतीन महिन्यांचीच, असं म्हणू नका. उपदान आणि रजेचं रोखीकरण शेवटच्या वेतनावर निघतं, म्हणजे निवृत्तीच्या दिवशी हातात पडणारी रक्कम त्या स्तरावर ठरते. तिच्या बाबतीत आदेश निघण्याची शेवटची तारीख 30 जून 2024 होती. तुमच्या टेबलावर ‘त्रुटी पूर्ततेसाठी परत’ असा शेरा पडला, पावसाळा लागला, आणि तो लाभ तिच्या हातून कायमचा गेला. आता तिला उद्या आदेश दिला तरी तिच्या नोकरीत दहा वर्षं बसत नाहीत. तिच्यासोबतची, पण जन्म 1982 चा असलेली दुसरी सेविका धरा. तिला अजून जागा आहे, पण दर महिन्याला ती जागा कमी होते आहे.

म्हणून समायोजनाची यादी लावताना नुसती सेवाज्येष्ठता पाहून भागत नाही. प्रत्येक नावापुढे निवृत्तीची तारीख लिहा, तिच्यातून दहा वर्षं वजा करा, आणि येणारी तारीख लाल शाईने मांडा. ज्यांची ती तारीख येत्या सहा महिन्यांत येते, त्यांच्या फाईली आधी हलवा. कुणाचा क्रम बदलत नाही. एवढंच ठरतं की सही आधी कुठल्या कागदावर व्हायची. मी टेबलावर असतो तर पहिल्याच दिवशी हा तक्ता केला असता. तुमच्या टेबलावर तो दिसला नाही.

निवृत्तिवेतनाचंही तसंच. नियमित झाल्यावर तिचा राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेचा प्राण क्रमांक निघतो, आणि मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या 14 टक्के रक्कम शासन दर महिन्याला टाकतं. 25,500 मूळ वेतनावर 55 टक्के महागाई भत्ता धरला तर बेरीज 39,525, आणि शासनाचा हिस्सा महिन्याला साडेपाच हजारांच्या वर. वर्षाला 66 हजार. एका बाईच्या म्हातारपणातून वर्षाला 66 हजार, वर तिच्या स्वतःच्या 10 टक्क्यांची बचत आणि त्यावरचं व्याज, हे तुमच्या एका त्रुटीपत्राची किंमत आहे. तुम्ही तो कागद पाच मिनिटांत टाईप करून घेता.

पगाराकडे येतो. इथे शासन निर्णय काढणारेही मोघम राहिले की खाली तुमच्यासारख्यांचं फावतं. सामावून घेताना वेतन कुठे ठरवायचं, याचे तीन मार्ग आहेत. पहिला, एस-8 चा पायथा, 25,500, जणू ती आजच प्रशिक्षण संपवून आली. दुसरा, तिचं आजचं मानधन पायथ्याहून जास्त असेल तर निदान तेवढी रक्कम राखायची, म्हणजे वेतन संरक्षण. तिसरा, तिच्या मागच्या सेवेची दखल घेऊन काल्पनिक वेतनवाढी द्यायच्या आणि मग आजचा टप्पा ठरवायचा.

दहा वर्षांच्याच वाढी मोजा, पंधरा नको. एस-8 मध्ये पायथ्यापासून दहा वाढी पुढे गेलं की मूळ वेतन 34,300 होतं. पायथा आणि हा टप्पा यांत फरक 8,800 चा, आणि 55 टक्के भत्ता धरला तर महिन्याला 13,640 चा. वर्षाला 1 लाख 63 हजार 680. ‘समायोजन केलं’ असं वर्तमानपत्रात छापून आलं तरी ही रक्कम कुठे गेली ते कुणी विचारत नाही. म्हणून आदेश हाती पडला की प्रत्येकीने आधी वेतननिश्चितीचं कलम वाचावं. त्यात फक्त ‘वेतनश्रेणी अनुज्ञेय राहील’ एवढंच असेल आणि टप्पा लिहिला नसेल, तर आस्थापनेवाला पायथाच धरतो. मागाहून दुरुस्त करायला पुन्हा तुमच्याच दारात यावं लागतं.

आणखी एक खाच आहे. काही जणींचं मानधन दरवर्षीच्या वाढीने चढत गेलेलं असतं. पायथ्यावर निश्चिती केली, त्यातून प्राणचा 10 टक्के हिस्सा, गट विमा आणि व्यवसाय कर कापला, की पहिल्या महिन्यात हातात येणारी रक्कम फारशी वाढलेली दिसत नाही. तेव्हा तुम्ही हसून म्हणता, ‘बघा, कंत्राटावरच बरं होतं.’ तुम्हांला माहीत आहे की कापलेली रक्कम तिचीच आहे आणि वरून शासनाची भर पडते आहे. तरी तुम्ही ते वाक्य बोलता, कारण घाबरलेली बाई पुन्हा अर्ज करत नाही.

हे सगळं कसं करायचं याचा नमुनाही आता तयार आहे. ज्या दिवशी आपल्याकडे कामबंद सुरू झालं, त्याच 19 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने धरम सिंग विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या खटल्यात निकाल दिला. तिथल्या उच्च शिक्षण सेवा आयोगात दशकानुदशकं रोजंदारीवर राबलेले शिपाई आणि एक वाहनचालक यांचं ते प्रकरण. न्यायालयाने ‘विचार करा’ म्हणून परत पाठवलं नाही. 24 एप्रिल 2002 पासून नियमित धरा, पदं नसतील तर अधिसंख्य पदं निर्माण करा, वेतन श्रेणीच्या पायथ्यापेक्षा कमी नको आणि शेवटचं वेतन जास्त असेल तर ते राखा, थकबाकी ठरलेल्या मुदतीत द्या, आणि हे सगळं केल्याचं प्रतिज्ञापत्र जबाबदार अधिकाऱ्याने दाखल करा. तारीख, पैसा, पद आणि सही करणारा माणूस, चारही गोष्टी लिहून दिल्या. शासनाने पैशाची अडचण सांगून हात वर करायचे नाहीत, हेही त्यात आहे.

पैसा नाही, पद नाही, हे तुम्ही गोंदियात तर म्हणूच नका. या जिल्ह्याचा मोठा भाग जंगल आहे. रोपवनात आणि जंगलवाटांवर वर्षानुवर्षं रोजंदारीवर राबलेल्या वनमजुरांना शासनाने 31 जानेवारी 1996 च्या आणि पुन्हा 16 ऑक्टोबर 2012 च्या निर्णयाने कायम केलं. वर्षाला 240 दिवस, अशी पाच वर्षं, हा निकष होता. पदं नव्हती ती निर्माण केली. ज्यांच्या हजेरीपटाची पानं सापडली ते कायम झाले, ज्यांची वाळवीने खाल्ली ते अजून दारोदार फिरतात. तेव्हा शासनाला जमलं, आता तुमच्या टेबलावर जमत नाही.

हजेरीपटाचा विषय निघाला म्हणून कागदांकडे वळतो. हे परिच्छेद तुमच्यासाठी कमी आणि त्या बायांसाठी जास्त आहेत, पण तुमच्यासमोरच लिहितो.

सगळ्यात आधी मूळ जाहिरातीची प्रत आणि निवड यादी. यावरून नेमणूक बेकायदा नव्हती हे सिद्ध होतं, आणि उमादेवीची ढाल तिथेच गळून पडते. मूळ प्रत कार्यालयात असते आणि नेमकी तीच ‘आढळून येत नाही’. तोंडी उत्तर घेऊन परत फिरू नका. माहितीच्या अधिकारात मागा. अभिलेख सापडत नाही हे लेखी मिळालं तर तो कागदही उपयोगाचा आहे, कारण अभिलेख जपण्याची जबाबदारी कार्यालयाची असते, कर्मचाऱ्याची नाही.

त्यानंतर दरवर्षीचा पुनर्नियुक्ती आदेश. मधलं एखादं वर्ष हरवलेलं असतंच. त्या जागी बँकेचं खातेपुस्तक ठेवा. मानधन ज्या महिन्यात जमा झालं त्या महिन्यात तुम्ही कामावर होतात. सोबत लसीकरण आणि प्रसूती रजिस्टरच्या त्या काळातल्या पानांच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने साक्षांकित केलेल्या प्रती. खंडाच्या तारखेचं पान आवर्जून लावा. मी आजवर पाहिलेल्या पुराव्यांत याहून बोलका पुरावा नाही.

मग जात वैधता. राखीव बिंदूवर नेमणूक होणार असेल तर वैधता प्रमाणपत्र लागतं आणि अनुसूचित जमातीच्या दाव्यांत ते मिळायला फार वेळ जातो. ज्यांनी अजून प्रस्ताव टाकला नाही त्यांनी आदेशाची वाट न पाहता आजच टाकावा. आणि लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र. 28 मार्च 2006 नंतर जन्मलेलं तिसरं अपत्य असेल तर नियमित नेमणुकीत अडचण येते. कंत्राटावर घेताना ही गोष्ट पंधरा वर्षं कुणी विचारत नाही, आणि समायोजनाच्या दिवशी अचानक विचारली जाते. ज्यांना हा प्रश्न आहे त्यांनी वकिलाला आधीच दाखवावं. खोटं प्रतिज्ञापत्र मात्र कुणाच्याही सांगण्यावरून देऊ नये, कारण पुढे नोकरी त्यावरूनच जाते.

आदेश मिळाल्यावरचं कामही अर्ध्यावर सोडता येत नाही. सेवापुस्तकात पहिल्या पानावर मागची कंत्राटी सेवा, तिच्या सगळ्या तारखांसह, नोंदवून घ्यायची. आज तिचा लाभ मिळत नसला तरी उद्या न्यायालयाने ती धरायची म्हटली तर नोंद कुठून आणणार? वेतननिश्चितीची प्रत हातात घ्यायची आणि पडताळणी पथकाकडून तपासून आल्याचा शिक्का पाहायचा. हे शिक्के निवृत्तीच्या वेळी शोधावे लागले की उपदान अडतं. त्या फेऱ्या मी पाहिल्या आहेत.

साहेब, आता तुमच्याकडून हवं ते सांगतो. गोंदिया जिल्ह्यातल्या सगळ्या संवर्गांची समायोजनाची यादी, मंजूर पदं, त्यांतली 30 टक्के किती आणि कुणाच्या नावापुढे नेमकी कुठली त्रुटी, हे एका कागदावर मांडून जिल्हा परिषदेच्या सूचनाफलकावर लावा. त्रुटी एकदाच काढा, सगळ्या एकत्र काढा, आणि पूर्तता झाल्यावर नवी काढू नका. खंडाची त्रुटी काढायची असेल तर तो खंड कुठल्या आदेशाने, कुणाच्या सहीने पडला, ते त्याच ओळीत लिहा. आदेशात रुजू दिनांकासोबत वेतनाचा टप्पा आकड्यात लिहा. आणि नकार द्यायचा असेल तर देऊन टाका. कारणासहित, तारखेसहित, तुमच्या नावाच्या शिक्क्यासहित. मग पुढचं नागपूर खंडपीठात बघू.

तुमच्या कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे मी अर्ज टाकला आहे. त्यात तीनच गोष्टी मागितल्या आहेत. 14 मार्च 2024 पासून आजपर्यंत आलेल्या समायोजन प्रस्तावांची आवक नोंदवही, प्रत्येक प्रस्ताव किती वेळा आणि कुठल्या कारणाने परत गेला त्याच्या टिपणीची प्रत, आणि प्रस्ताव ज्या टेबलावर सगळ्यात जास्त दिवस राहिला तिथल्या अधिकाऱ्याचं पदनाम. कायद्याने उत्तराला 30 दिवस आहेत.

आपला,
एक निवृत्त आस्थापना लिपिक
गोंदिया